चूक झाली तर पडदा रिकामा राहावा

गृहनिर्माण सोसायट्यांना मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून पुरवणारी एक कंपनी आहे असं समजू. ठाण्याची एक सोसायटी, कोथरूडची दुसरी, नाशिकची तिसरी, अशा हजारभर सोसायट्या तिच्या ग्राहक आहेत. सचिव लॉगिन करतो तेव्हा त्याला आपल्या सभासदांची बिलं, आपली थकबाकी आणि आपल्या पावत्या दिसतात. त्याच्या लेखी हे सॉफ्टवेअर त्याच्या सोसायटीचं असतं. प्रत्यक्षात मात्र bills नावाचं एकच टेबल असतं आणि हजार सोसायट्यांची बिलं त्यात एकाखाली एक पडलेली असतात. कोणती ओळ कोणाची हे society_id या एका कॉलमातल्या आकड्यावरून ठरतं. ठाण्याचा आकडा ४२ असेल तर प्रोग्रॅम प्रत्येक क्वेरीत ‘society_id ४२ असलेल्याच ओळी द्या’ अशी अट घालतो. अनेक ग्राहक एकाच प्रणालीत राहण्याच्या या पद्धतीला मल्टि-टेनन्सी म्हणतात. भाडेतत्त्वावर विकलं जाणारं बहुतेक सॉफ्टवेअर आज कमी-अधिक प्रमाणात असंच बांधलेलं असतं. सेल्सफोर्सने तर १९९९ पासून आपला सगळा व्यवसाय याच पायावर उभा केला. तिथेही सामायिक टेबलांतल्या ओळींवर ग्राहक-संस्थेचा क्रमांक असतो आणि तोच त्या ओळींची मालकी सांगतो.

ही अट कोणी लिहायची आणि ती लिहायची राहून गेली तर काय होईल, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. ग्राहकांचा डेटा वेगळा ठेवण्याची जबाबदारी डेव्हलपरच्या लक्षात राहण्यावर सोपवू नये. ती डेटाबेसकडे असावी, आणि अशा रीतीने असावी की कुठेतरी चूक झाली तर सचिवाला रिकामा पडदा दिसेल, शेजारच्या सोसायटीचा हिशेब दिसणार नाही. रिकामा पडदा दिसला की तक्रार येते, तासाभरात दुरुस्ती होते आणि विषय संपतो. दुसऱ्याचा हिशेब दिसला तर बऱ्याचदा तक्रारही येत नाही, आणि एकदा पाहिलेली माहिती कोणाच्या डोळ्यांतून काढून घेता येत नाही.

यावर अनुभवी मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्याकडे कोड रिव्ह्यू होतो, क्वेरी तयार करणारी लायब्ररी अट आपोआप जोडते, मग डेटाबेसला मध्ये कशाला आणायचं? लायब्ररी अट जोडते हे खरं आहे, पण जिथे लायब्ररी वापरली जाते तिथेच. वर्षअखेरीचा थकबाकी अहवाल हळू चालतो म्हणून कोणीतरी त्याची क्वेरी हाताने लिहितो. रात्री स्मरणपत्रं पाठवणारा जॉब वेगळ्या रिपॉझिटरीत असतो. सपोर्टच्या टीमसाठी घाईघाईने एक पान बनवलेलं असतं. उत्पादन पाच वर्षं चाललं की अशा वाटा डझनांनी तयार होतात, आणि अट विसरायला त्यातली एक पुरते. रिव्ह्यू करणाऱ्याला कोडमध्ये जे आहे ते दिसतं. जे नाही ते त्याला आठवावं लागतं. शिवाय अट असूनही ती चुकीच्या आकड्यावर उभी असू शकते. सोसायटीचा क्रमांक ब्राउझरकडून आलेल्या पत्त्यातून घेतला असेल, तर त्या पत्त्यातला ४२ खोडून ५७ लिहायला कसलंही कौशल्य लागत नाही. हा क्रमांक लॉगिनच्या वेळी सर्व्हरने तपासलेल्या ओळखीतूनच यायला हवा. ओडब्ल्यूएएसपीने २०२१ साली वेब-प्रोग्रॅममधल्या धोक्यांची यादी नव्याने केली, तेव्हा ज्याला जे पाहण्याचा हक्क नाही ते दिसणं, हा प्रकार पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर गेला. ही चूक निष्काळजी माणसंच करतात असं मानण्यात अर्थ नाही.

पोस्टग्रेसच्या ९.५ या आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये, रो-लेव्हल सिक्युरिटी आली. टेबलावर एकदा नियम लावला की त्या टेबलाकडे येणाऱ्या प्रत्येक क्वेरीला डेटाबेस स्वतः अट जोडतो, मग ती क्वेरी लायब्ररीतून आलेली असो की कोणी हाताने लिहिलेली. आपल्या bills टेबलासाठी तो नियम असा लिहिता येईल:

```sql
ALTER TABLE bills ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE bills FORCE ROW LEVEL SECURITY;

CREATE POLICY own_society ON bills
USING (society_id =
  nullif(current_setting('app.society_id', true), '')::int);
```

या ओळींतला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी चुकीवरचा उपाय आहे, म्हणून त्या सावकाश वाचाव्यात. पहिली ओळ नियम चालू करते, पण टेबलाच्या मालकाला तो लागू होत नाही. अनेक ठिकाणी ज्या खात्याने टेबलं तयार केली, त्याच खात्याने वेबसाइटही डेटाबेसला जोडलेली असते. म्हणजे नियम लिहिलेला आहे, कागदोपत्री सुरक्षितता आहे, आणि प्रत्यक्षात एकही ओळ गाळली जात नाही. दुसऱ्या ओळीतला FORCE मालकालाही नियमाखाली आणतो. पण सुपरयूजरला, किंवा BYPASSRLS हा अधिकार दिलेल्या खात्याला, FORCE सुद्धा अडवू शकत नाही. म्हणून टेबलं बांधणारं खातं वेगळं आणि रोजच्या व्यवहारासाठी वेबसाइट वापरते ते कमी अधिकारांचं खातं वेगळं, ही विभागणी केल्याशिवाय पुढच्या गोष्टींना अर्थ उरत नाही.

तिसऱ्या भागातलं current_setting म्हणजे ‘सध्या कोणत्या सोसायटीचं काम चालू आहे’ ही डेटाबेस-कनेक्शनवर ठेवलेली नोंद. ती नोंद केलेलीच नसेल तर true या शब्दामुळे तिथे NULL मिळतो. NULL शी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही, त्यामुळे एकही ओळ हाती येत नाही. रिकामा पडदा हा इथून येतो. nullif चं कारण बारीक आहे आणि चाचणीत सहसा निसटतं. त्याच कनेक्शनवर ही नोंद आधी एकदा एका व्यवहारापुरती केली गेली असेल, तर व्यवहार संपल्यावर तिची किंमत NULL होत नाही, ती रिकामी अक्षरमाला होते. रिकाम्या अक्षरमालेचं पूर्णांकात रूपांतर करायला गेलं की क्वेरी एररने पडते. त्यातून डेटा फुटत नाही, पण ताज्या कनेक्शनवर पडदा रिकामा आणि वापरलेल्या कनेक्शनवर लाल एरर, असा न उलगडणारा प्रकार दिसू लागतो. nullif दोन्हीकडे NULL च देतो.

आता जिथे सगळ्यात जास्त माणसं अडखळतात त्या जागेकडे येऊ. ती जागा कनेक्शन पूलची आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही सर्व्हरवरची एक स्वतंत्र प्रोसेस असते. ती दर विनंतीला नव्याने उघडणं महाग पडतं, म्हणून समजा वीस कनेक्शन उघडून ठेवलेली असतात आणि येणाऱ्या विनंत्या ती आळीपाळीने वापरतात. ठाण्याच्या सचिवाची विनंती आली, तिला सातवं कनेक्शन मिळालं. प्रोग्रॅमने SET app.society_id = '42' असं सांगितलं, बिलं वाचली, पानं दाखवली आणि कनेक्शन पूलमध्ये परत ठेवलं. साध्या SET ने केलेली नोंद मात्र कनेक्शन बंद होईपर्यंत तशीच राहते. तेवढ्यात नाशिकच्या सोसायटीसाठी स्मरणपत्रांचा जॉब चालू झाला. तो लिहिणाऱ्याने सोसायटीची नोंद करायचं राहून गेलं होतं आणि त्यालाही नेमकं सातवं कनेक्शन मिळालं. आता नियम चोख चालतो, पण ४२ साठी. नाशिकच्या सभासदांच्या पत्त्यावर ठाण्याची थकबाकी जाते. डेटाबेसने काहीही चूक केलेली नाही. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने पाळलं.

ही चूक डेव्हलपरच्या लॅपटॉपवर दिसत नाही, कारण तिथे एकच माणूस एकाच सोसायटीच्या नावाने काम करत असतो. ती दिसते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या सोसायट्यांची बिलं एकदम निघतात तेव्हा, आणि तेव्हाही अधूनमधून. सपोर्टकडे येणारी तक्रार ओळखण्यासारखी असते: ‘मघाशी भलतीच नावं दिसली, पण रिफ्रेश केल्यावर बरोबर आलं.’ या वाक्यावर ‘ब्राउझरचा प्रश्न असेल’ असं उत्तर कधीही देऊ नये. रिफ्रेश केल्यावर दुसरं कनेक्शन मिळालं आणि म्हणून बरोबर आलं, ही शक्यता आधी तपासायला हवी. उपाय असा की नोंद कनेक्शनवर न ठेवता व्यवहारापुरती ठेवायची:

```sql
BEGIN;
SELECT set_config('app.society_id', '42', true);
SELECT * FROM bills WHERE bill_month = '2025-04-01';
COMMIT;
```

इथला true म्हणजे ‘हा व्यवहार संपला की नोंद पुसून टाक’. COMMIT झालं, ROLLBACK झालं किंवा मध्येच प्रोग्रॅम कोसळला, तरी सातवं कनेक्शन कोरं होऊन परत जातं. स्मरणपत्रांच्या जॉबला मग एकही ओळ मिळत नाही आणि त्या रात्री एकही पत्र जात नाही. ही चूक दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येते. पीजीबाउन्सर व्यवहारनिहाय चालवला असेल तर या पद्धतीला पर्यायच नाही, कारण त्या मांडणीत एकाच विनंतीचे दोन व्यवहार दोन वेगवेगळ्या कनेक्शनवर जाऊ शकतात आणि साधा SET भलत्याच ठिकाणी उरतो. परत केलेल्या जोडणीत मागच्याचं काहीतरी राहून जाणं हा दोष फक्त डेटाबेसचाही नाही. रेडिस या कॅशेशी बोलणाऱ्या redis-py लायब्ररीत २०२३ साली असाच दोष सापडला. विनंती नेमक्या क्षणी रद्द झाली तर तिचं उत्तर जोडणीत अडकून राही आणि ते पुढच्या, भलत्याच माणसाच्या हाती जाई.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे आणि त्यात तथ्यही आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक सोसायटीला स्वतंत्र डेटाबेस का देऊ नये? मायक्रोसॉफ्टच्या वास्तुरचनाकारांनी २००६ साली या विषयावर लिहिलेल्या लेखात तीन पर्याय मांडले होते: प्रत्येकाला वेगळा डेटाबेस, एका डेटाबेसमध्ये प्रत्येकाचा वेगळा स्कीमा, किंवा सगळ्यांची एकच टेबलं. चर्चा आजही या तिघांभोवतीच फिरते. मोजके पण मोठे ग्राहक असतील, बँक असेल, रुग्णालय असेल, तर वेगळा डेटाबेस द्यावा, त्याचे पैसे घ्यावेत, आणि करारात तसं लिहावं. पण महिन्याला काहीशे रुपये देणाऱ्या हजार सोसायट्यांना ते परवडत नाही. कनेक्शन एका डेटाबेसला बांधलेलं असतं, त्यामुळे वीस कनेक्शनचा पूल सगळ्यांना वाटून देता येत नाही. एक कॉलम वाढवायचा तर तोच बदल हजार वेळा चालवावा लागतो. सातशेव्या डेटाबेसवर तो अडकला की काही ग्राहक जुन्या रचनेवर आणि बाकीचे नव्या रचनेवर राहतात, आणि प्रोग्रॅमला दोन्ही समजून घ्यावी लागतात.

खर्चापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. स्वतंत्र डेटाबेस दिला तरी ‘ही विनंती कोणाची’ हे कुठेतरी ठरवावंच लागतं. तिथे चूक झाली तर अट विसरण्याऐवजी आपण पूर्णपणे भलत्या डेटाबेसशी जोडले जातो, आणि तिथे अडवायला कोणताही नियम नसतो. क्लाउडवर तळाशी काही ना काही सामायिक असतंच. ऑगस्ट २०२१ मध्ये विझ या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी सेवेतला एक दोष उघड केला. ग्राहकांची खाती तिथे एकमेकांपासून वेगळी होती, प्रत्येकाच्या किल्ल्या वेगळ्या होत्या. पण त्या सेवेला ज्युपिटर नोटबुकची सोय जोडलेली होती आणि तिच्या मांडणीतल्या चुकांमुळे एका ग्राहकाच्या नोटबुकमधून दुसऱ्या ग्राहकांच्या मुख्य किल्ल्यांपर्यंत पोचता येत होतं. दारं वेगळी होती. जुडगा एकाच खोलीत होता. म्हणून वेगळ्या डेटाबेसचा निर्णय घेतला तरी हद्द कुठे ठरते आणि ती कोण पाळतं, हे प्रश्न सुटत नाहीत, फक्त त्यांची जागा बदलते.

तिसरा आक्षेप वेगाचा. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांशी अर्धा सहमत आहे. society_id वर इंडेक्स नसेल तर प्रत्येक क्वेरी सगळ्या सोसायट्यांच्या ओळी चाळत बसेल. म्हणून बहुतेक इंडेक्सचा पहिला कॉलम तोच असावा. तेवढं केलं की साध्या क्वेरींना फरक जाणवत नाही. मात्र शोधाच्या क्वेरींत फरक पडतो. सभासदाच्या नावाचा तुकडा LIKE ने शोधायचा असेल तर डेटाबेस आधी सुरक्षेचा नियम लावतो आणि मगच LIKE चालवतो, कारण हे फंक्शन आपल्याला दाखवलेल्या ओळीविषयी बाहेर काहीच कळू देणार नाही याची त्याला खात्री नसते. त्यामुळे नावांसाठी केलेला खास इंडेक्स वापरला जात नाही. एका सोसायटीत दोनशे सभासद असतील तर त्याने काही बिघडत नाही. एका ग्राहकाच्याच वीस लाख ओळी असतील तर बिघडतं, आणि तेव्हा तो ग्राहक स्वतंत्र डेटाबेसमध्ये हलवण्याची वेळ आलेली असते.

डेटाबेसचा नियम कुठे पुरा पडत नाही हेही स्पष्टच सांगायला हवं. कोणाला प्रोग्रॅममधल्या फटीतून स्वतःचं एसक्यूएल चालवता आलं, तर तो set_config ला हवा तो आकडा देऊ शकतो. हा नियम विसराळूपणावरचा उपाय आहे, घुसखोरीवरचा नाही. फॉरेन की आणि युनिकची तपासणी नियमाला बाजूला ठेवून होते. payments मधली ओळ ४२ ची असून ती ५७ च्या बिलाकडे बोट दाखवत असेल तरी डेटाबेसला ते मान्य असतं. म्हणून ही की फक्त बिलाच्या क्रमांकावर न ठेवता सोसायटी आणि बिल या जोडीवर ठेवावी. पावती क्रमांकही सगळ्यांत मिळून युनिक ठेवला, तर ‘हा क्रमांक आधीच आहे’ या संदेशातून दुसऱ्या कोणाची तरी पावती असल्याचं कळतं. व्ह्यू तयार केला असेल तर तो त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पोस्टग्रेस १५ पासून security_invoker लावून तो विचारणाऱ्याच्या अधिकाराने चालवता येतो, पण तसं मुद्दाम सांगावं लागतं. आणि डेटाबेसबाहेर, म्हणजे कॅशेत, फाइलींच्या साठ्यात, शोधाच्या इंडेक्समध्ये, हा नियम पोचतच नाही. तिथे प्रत्येक किल्लीच्या नावात सोसायटीचा क्रमांक आणि ते नाव बनवणारं एकच फंक्शन, एवढंच संरक्षण हाती असतं.

एका प्रश्नाकडे मात्र या विषयावर लिहिणारेसुद्धा फारसे वळत नाहीत: एकत्र ठेवलेला डेटा एकट्याला परत देता येतो का? ५ एप्रिल २०२२ रोजी ॲटलासियन कंपनीत एक जुनं ॲप काढून टाकण्यासाठी स्क्रिप्ट चालवली गेली. तिला ॲपचे क्रमांक द्यायचे होते, चुकून ग्राहकांच्या संपूर्ण साइटचे दिले गेले. डिलीट करणारी एपीआय दोन्ही प्रकारचे क्रमांक स्वीकारत होती, म्हणून तिने तक्रार केली नाही. सुमारे २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते आणि चांगले होते. पण सामायिक डेटाबेस आदल्या क्षणावर न्यावा तर त्यात राहणाऱ्या इतर ग्राहकांचं त्यानंतरचं काम गेलं असतं. त्यामुळे एकेका ग्राहकाच्या ओळी बॅकअपमधून वेचून चालत्या प्रणालीत परत बसवाव्या लागल्या, आणि शेवटचा ग्राहक पूर्ववत व्हायला १८ एप्रिल उजाडला. इथे कोणाचाही डेटा दुसऱ्याला दिसला नव्हता. तरीही हा विलगतेचाच प्रश्न आहे, कारण ‘माझा डेटा वेगळा आहे’ या म्हणण्यात तो वेगळा काढून परत देता येणंही येतं. एका सोसायटीचा डेटा कालच्या स्थितीत आणायला किती वेळ लागतो, याची तालीम न केलेल्या कंपनीने ग्राहकाला कुठलंही आश्वासन देऊ नये.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सभासदाचं नाव, फ्लॅट, फोन आणि थकबाकी हा वैयक्तिक डेटाच आहे. दंडाची धास्ती काही काळ टिकते आणि मग ओसरते. टिकते ती बिल्डमध्ये बसवलेली चाचणी. दोन खोट्या सोसायट्या तयार कराव्यात, एकीच्या नावाने प्रत्येक पान आणि प्रत्येक जॉब चालवावा, आणि दुसरीची एक जरी ओळ उत्तरात आली तर बिल्ड थांबवावं. नवं टेबल जोडताना नियम लावायचा राहतो, हे सगळ्यात वारंवार घडतं, म्हणून खालची क्वेरीही त्याच चाचणीत असावी. society_id असूनही ज्यांच्यावर नियम पूर्ण लागू नाही अशी टेबलं ती दाखवते:

```sql
SELECT c.oid::regclass
FROM pg_class c
JOIN pg_attribute a ON a.attrelid = c.oid
WHERE c.relkind IN ('r', 'p')
  AND a.attname = 'society_id' AND NOT a.attisdropped
  AND NOT (c.relrowsecurity AND c.relforcerowsecurity);
```

पुढे वाचण्याआधी कॉलमचं नाव बदलून ही क्वेरी स्वतःच्या डेटाबेसवर चालवून पाहा. उत्तरात जी टेबलं येतील त्यांच्यापासून कामाला लागा. एकही आलं नाही, तर तुमची वेबसाइट कोणत्या खात्याने जोडली जाते आणि त्या खात्याला BYPASSRLS आहे का, हे तपासा.